तरंगणारी अंडी, बुडणारी अंडी

शौचाच्या तपासणीचा अहवाल हातात आला की बहुतेक जण एकच ओळ शोधतात : ‘जंतांची अंडी आढळली नाहीत.’ ती वाचून हायसं वाटतं आणि कागद फाइलमध्ये जातो. पण त्या ओळीचा नेमका अर्थ काय, हे तपासणी कोणत्या पद्धतीने झाली यावर ठरतं. एकाच माणसाचा एकच नमुना दोन पद्धतींनी तपासला, तर एका अहवालात एका जंताची नोंद येऊ शकते आणि दुसऱ्यात तीन जंतांची. यात तंत्रज्ञाची चूक असेलच असं नाही. काही अंडी तरंगतात आणि काही बुडतात, एवढंच त्याचं साधं कारण असतं.

आधी मुळात अडचण कुठे आहे ते पाहू. सर्वांत सोपी तपासणी म्हणजे काडीच्या टोकावर कणभर नमुना घ्यायचा, काचेच्या स्लाइडवर सलाइनच्या थेंबात कालवायचा, वर कव्हरस्लिप ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. या थेंबात विष्ठा असते जेमतेम २ मिलिग्रॅम. आता अंकुशकृमी म्हणजे हूकवर्म झालेल्या एखाद्या माणसाचा हिशेब करून पाहा. आपल्याकडे सर्रास आढळणाऱ्या नेकेटर जातीच्या १० माद्या त्याच्या आतड्यात आहेत असं धरू. एक मादी दिवसाला कमीत कमी ५,००० अंडी घालते, म्हणजे रोज ५०,००० अंडी झाली. दिवसभराची विष्ठा २०० ग्रॅम धरली, तर एका ग्रॅममागे २५० अंडी पडतात. मग २ मिलिग्रॅममध्ये किती? अर्धं अंडं! म्हणजे अशा दोन स्लाइड पाहिल्या तर सरासरी एक अंडं दिसणार. प्रत्यक्षात अशा नमुन्याच्या निम्म्याहून जास्त स्लाइडवर काहीच दिसणार नाही, आणि अहवाल मात्र ‘आढळली नाहीत’ असाच जाईल.

यावर उपाय उघड आहे. नमुना २ मिलिग्रॅमऐवजी एक ग्रॅम घ्यायचा, त्यातला चोथा, चरबी आणि न पचलेले तंतू काढून टाकायचे आणि उरलेली अंडी एका थेंबात गोळा करायची. यालाच नमुना संहत करणं म्हणतात. त्याच्या दोन जुन्या, खात्रीच्या आणि आजही चालू असलेल्या पद्धती आहेत. एक झिंक सल्फेटवर अंडी तरंगवण्याची. ही अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स इथल्या टुलेन विद्यापीठातले अर्नेस्ट कॅरोल फॉस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८ साली मांडली. दुसरी फॉर्मॅलिन-ईथर वापरून अंडी गाळात बसवण्याची. ती लॉरेन्स रिची यांनी १९४८ साली अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय पत्रिकेत प्रसिद्ध केली. पहिलीत अंडी वरून टिपायची असतात, दुसरीत तळातून.

तरंगवण्यामागचं तत्त्व कोकणातल्या भातशेतकऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही. पेरणीआधी तो १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवतो आणि त्यात बियाणं ओततो. पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाला जातात. दाण्याची घनता द्रावणापेक्षा कमी असेल तर तो तरंगतो, जास्त असेल तर बुडतो. जंतांच्या अंड्यांचंही असंच आहे. पाण्याची घनता १ धरली, तर अंकुशकृमीच्या अंड्याची साधारण १.०५५, गोलकृमीच्या म्हणजे राउंडवर्मच्या फलित अंड्याची १.११ आणि चाबूककृमीच्या म्हणजे व्हिपवर्मच्या अंड्याची १.१५ भरते. झिंक सल्फेटचं द्रावण १.१८ घनतेचं करतात. त्यामुळे ही तिन्ही अंडी त्यात वर येतात. चोथ्याचा बराचसा भाग त्याहून जड असतो, तो खाली राहतो.

हे द्रावण ताज्या नमुन्यासाठी करताना साधारण ३३० ग्रॅम झिंक सल्फेट ६७० मिलिलिटर कोमट पाण्यात विरघळवतात. पण वजनकाट्यावर विसंबून भागत नाही. त्यात हायड्रोमीटर सोडून आकडा वाचावा लागतो. जास्त आला तर पाणी घालायचं, कमी आला तर झिंक सल्फेट, आणि १.१८ वर आणून ठेवायचं. नमुना आधीपासून फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला असेल तर १.२० घनतेचं द्रावण लागतं, कारण फॉर्मॅलिनमध्ये राहिलेली अंडी थोडी जड होतात. बाटली उघडी राहिली की पाणी उडून द्रावण दाट होतं, म्हणून हायड्रोमीटरची तपासणी अधूनमधून करत राहावी लागते. घनता १.१८ च्या खाली गेली तर पहिला फटका चाबूककृमीच्या अंड्यांना बसतो. ती मुळातच काठावर असतात.

प्रत्यक्ष कृती अशी. सुमारे एक ग्रॅम नमुना पाण्यात कालवून दुपदरी गॉजमधून गाळतात. गाळलेलं पाणी नळीत भरून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवतात, वरचं गढूळ पाणी ओतून देतात आणि पुन्हा स्वच्छ पाणी घालतात. वरचं पाणी नितळ दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करायचं. मग तळाच्या गाळात थोडं झिंक सल्फेट घालून तो नीट मोकळा करतात आणि काठाच्या किंचित खालपर्यंत नळी भरतात. पुन्हा एक-दोन मिनिटं फिरवायचं आणि यंत्र आपोआप थांबू द्यायचं. घाईने ब्रेक लावला तर वर जमलेला थर ढवळून निघतो आणि सगळी मेहनत वाया जाते.

आता नळीच्या तोंडाशी डोळ्यांना काहीच वेगळं दिसत नाही, पण अंडी तिथेच, द्रवाच्या वरच्या पापुद्र्यात असतात. तारेचा लहान गोल फास त्या पृष्ठभागाला नुसता टेकवायचा, आत बुडवायचा नाही. फासात अडकलेला पातळ थर स्लाइडवर उतरवायचा आणि कव्हरस्लिप ठेवून लगेच पाहायचं. पार्श्वभूमी इतकी स्वच्छ असते की अंकुशकृमीचं पातळ कवचाचं अंडं, त्यातल्या पेशी आणि कवच व पेशी यांच्यामधली मोकळी जागा पहिल्या नजरेत ओळखू येते. मात्र ‘लगेच’ हा शब्द इथे अक्षरशः घ्यायचा. दाट द्रावण अंड्यातलं पाणी शोषून घेतं. काही मिनिटांत पातळ कवचं आक्रसायला, चेपायला लागतात आणि वर आलेली अंडीही हळूहळू पुन्हा खाली उतरतात. चहा पिऊन येऊन बघतो म्हटलं तर त्याच नळीत कमी अंडी सापडतात.

फॉर्मॅलिन-ईथरची रीत याच्या उलट आहे. इथे अंड्यांना तरंगवायचं नसतं. त्यांच्याभोवतीची घाण वर उचलून घ्यायची आणि अंड्यांना तळाला जाऊ द्यायचं. एक-दीड ग्रॅम नमुना १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये कालवून गाळतात. गाळलेलं ७ मिलिलिटर द्रावण नळीत घेतात, त्यावर ३ मिलिलिटर ईथर ओततात, बूच लावतात आणि अर्धा ते एक मिनिट जोरात हलवतात. ईथर चरबी विरघळवतं आणि हलका चोथा स्वतःकडे ओढून घेतं. हलवताना नळीत दाब तयार होतो, म्हणून तोंड चेहऱ्यापासून लांब धरून बूच सावकाश सैल करावं लागतं. मग गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ५०० पट जोर मिळेल अशा वेगाने दोन मिनिटं सेंट्रिफ्यूज.

नळी बाहेर काढून उजेडात धरली की चार थर स्पष्ट दिसतात. सर्वांत वर विरघळलेल्या चरबीने रंगलेलं ईथर. त्याखाली तपकिरी चोथ्याची घट्ट चकती, नळीला चारी बाजूंनी चिकटलेली. तिच्याखाली फॉर्मॅलिन. आणि टोकाशी लहानसा गाळ. आपल्याला हवा तो हा शेवटचा गाळ. पातळ काडी चकतीच्या कडेने गोल फिरवून ती सोडवायची आणि नळी एका झटक्यात उलटी करून वरचे तिन्ही थर ओतून द्यायचे. कडा नीट सुटली नसेल तर ओतताना चकती फुटते, तिचे तुकडे गाळात पडतात आणि स्लाइडवर अंड्यांऐवजी चोथाच दिसतो. ओतून झाल्यावर नळी उलटीच धरून आतली भिंत कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यावी, म्हणजे भिंतीवरचा चोथा आणि ईथरचे थेंब गाळात उतरत नाहीत. उरलेला गाळ एका थेंबाने हलवून एक भाग सलाइनमध्ये आणि एक आयोडीनमध्ये घेतात आणि कव्हरस्लिपचा कोपरान् कोपरा बघतात.

काम बरोबर झालं की नाही, हे गाळावरूनच कळतं. तो अर्धा-पाऊण मिलिलिटरपर्यंत असावा. त्याहून बराच जास्त असेल, तर नमुना जास्त घेतला गेला किंवा हलवणं कमी पडलं. गाळ दिसेनासाच असेल, तर गॉजचे पदर जास्त झाले आणि अंडी त्यातच अडकली अशी शंका घ्यावी.

ईथरची मोठी खोट म्हणजे ते पेट घेतं. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने टेबलावरून खाली घरंगळत जाते आणि लांबच्या बर्नरपाशी किंवा स्विचच्या ठिणगीपाशी पोहोचून भडकते. बाटली बरेच दिवस उघडलेली राहिली तर तिच्यात स्फोटक पेरॉक्साइड तयार होतात. शिवाय ते ३५ अंशांखालीच उकळतं. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात, पंख्यावर चालणाऱ्या प्रयोगशाळेत ईथर खोलीच्या तापमानालाच उकळत असतं, मग बाटली फ्रिजमध्ये जाते आणि साध्या घरगुती फ्रिजमध्ये ठिणगी पडायला जागा असतेच. म्हणून १९७९ नंतर अनेक प्रयोगशाळांनी ईथरच्या जागी इथाइल अ‍ॅसिटेट घेतलं. तेही पेटतं, पण ७७ अंशांना उकळतं, त्यामुळे धोका बराच उतरतो आणि अंडी मिळण्याच्या दृष्टीने कामात उणं पडत नाही. फक्त त्याचे बारीक थेंब भिंतीवर राहिले तर स्लाइडवर बुडबुड्यांसारखे दिसतात. नवख्या डोळ्याला ते फसवतात, म्हणून बोळ्याने पुसणं इथे आणखी गरजेचं.

आता दोन्ही पद्धती एकाच नमुन्यावर चालवून पाहू. समजा, उत्तर बिहारमधून ठाणे जिल्ह्यातल्या वीटभट्टीवर कामाला आलेला एक माणूस आहे. थकवा, पांढुरका पडलेला चेहरा आणि अधूनमधून पोटदुखी अशी त्याची तक्रार आहे. गावी असताना तळ्यातले ताजे शिंगाडे दातांनी सोलून खाण्याची त्याला सवय. त्याच्या आतड्यात तीन जंत आहेत असं धरू. एक, अंकुशकृमी. दोन, गोलकृमीच्या दोन माद्या, पण नर एकही नाही. तीन, फॅसिओलॉप्सिस हा मोठा पर्णकृमी, जो शिंगाड्यासारख्या पाणवनस्पतींच्या सालीवरून पोटात जातो आणि बिहार, उत्तर प्रदेश, आसामच्या काही भागांत आढळतो.

झिंक सल्फेटच्या नळीत अंकुशकृमीची अंडी झपाट्याने वर येतात, कारण १.०५५ आणि १.१८ यांत भरपूर अंतर आहे. फास टेकवला की स्लाइडवर ती डझनांनी दिसतात. गोलकृमीचं मात्र काहीच दिसत नाही. नर नसल्यामुळे माद्या अफलित अंडी घालत आहेत. ती लांबट असतात, आत गर्भपेशीऐवजी चकाकणारे कण ठासून भरलेले असतात आणि त्यांची घनता द्रावणापेक्षा जास्त असल्याने ती तळाशी बसतात. पर्णकृमीचं अंडं तर १३० मायक्रॉनहून लांब, म्हणजे अंकुशकृमीच्या अंड्याच्या दुप्पट. पण त्याच्या टोकाला झाकण असतं. दाट द्रावणात हे झाकण उघडतं, द्रावण आत शिरतं आणि अंडं बुडतं. तंत्रज्ञाने कितीही काळजी घेतली तरी ही दोन अंडी त्याच्या फासात येणार नाहीत. तो अहवालात ‘अंकुशकृमीची अंडी’ एवढंच लिहील आणि ते बरोबरही असेल.

फॉर्मॅलिन-ईथरच्या नळीत या तिघांचा शेवट एकाच जागी होतो. फॉर्मॅलिन पाण्यापेक्षा किंचितच जड असतं, त्यामुळे अंकुशकृमीचं हलकं अंडंही खाली जातं, अफलित अंडी जातात आणि पर्णकृमीचीही जातात. फॉर्मॅलिनने त्यांचा आकार धरून ठेवलेला असतो, म्हणून झाकणही जागेवर राहतं. गाळ झिंक सल्फेटच्या पापुद्र्याइतका स्वच्छ नसतो. अंकुशकृमीची अंडी चोथ्याच्या कणांमध्ये शोधावी लागतात आणि स्लाइडला वेळ जास्त लागतो. पण अहवालात तीन नावं येतात.

याचा परिणाम थेट गोळीवर होतो. अंकुशकृमी आणि गोलकृमी यांच्यावर अल्बेंडाझोल चालतं. राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळांमध्ये मिळणारी गोळी तीच. पर्णकृमीसाठी मात्र प्राझिक्वांटेल लागतं. फक्त तरंगवलेल्या नमुन्याचा अहवाल घेऊन उपचार झाले असते, तर पर्णकृमी तसाच राहिला असता, पोटदुखी थांबली नसती आणि ‘जंताचं औषध तर दिलं’ म्हणून दुखण्याचं कारण दुसरीकडे शोधलं गेलं असतं. पट्टकृमीच्या, म्हणजे टेपवर्मच्या जाड कवचाच्या अंड्यांचंही असंच आहे. ती झिंक सल्फेटमध्ये भरवशाने वर येत नाहीत.

मग तरंगवण्याची पद्धत सोडून द्यावी का? नाही. जिथे मुख्यतः अंकुशकृमी, चाबूककृमी आणि गोलकृमीची फलित अंडीच शोधायची आहेत, तिथे तिच्या स्वच्छ स्लाइडचा उपयोग होतो. जंत थोडे आणि नमुने खूप असतील तर नजर कमी थकते. ईथरची वाफ नाही, आगीची भीती नाही. सेंट्रिफ्यूज नसेल तर नळी काठोकाठ भरून तिच्यावर कव्हरस्लिप टेकवून अर्धा-पाऊण तास उभी ठेवली तरी काम भागतं. पण प्रयोगशाळेला एकच पद्धत ठेवायची असेल आणि कुठून आलेला, काय खाल्लेला रुग्ण समोर येईल हे सांगता येत नसेल, तर फॉर्मॅलिन-ईथर किंवा त्याचा इथाइल अ‍ॅसिटेटचा प्रकार निवडावा. त्यात थोडी सफाई गमावली तरी एखादी संपूर्ण जात हातातून निसटत नाही. दुसरा फायदा असा की फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेला नमुना पुढे कित्येक दिवस तपासता येतो, त्यामुळे आरोग्य उपकेंद्रावर गोळा केलेली डबी तालुक्याला उशिरा पोहोचली तरी चालतं. फक्त फॉर्मॅलिनमध्ये सगळं मेलं असं समजू नये. गोलकृमीच्या अंड्याचं कवच इतकं चिवट असतं की त्याचा गर्भ फॉर्मॅलिनमध्येही वाढत राहू शकतो. हातमोजे शेवटपर्यंत हवेत.

दोन्ही पद्धतींच्या समान मर्यादाही लक्षात ठेवाव्यात. लहान मुलांच्या गुदद्वाराशी खाज आणणारा सूतकृमी आपली अंडी आतड्यात नव्हे, बाहेरच्या त्वचेवर घालतो. त्यासाठी सकाळी अंघोळीआधी त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावून ती स्लाइडवर पाहावी लागते. जंत पोटात नवेच शिरले असतील आणि अजून अंडी घालायला लागले नसतील, तर कोणतीच पद्धत काही दाखवणार नाही. शिवाय अंडी रोज सारखी पडत नाहीत, म्हणून एक दिवसाआड तीन नमुने देण्याचा सल्ला डॉक्टर देतात तो पाळावा.

शौचाच्या अहवालावर पद्धतीचं नाव छापलेलं असायला हवं असं मला ठामपणे वाटतं. ‘झिंक सल्फेट तरंगण : अंडी आढळली नाहीत’ असं लिहिलं असेल, तर डॉक्टरांना लगेच कळतं की याचा अर्थ ‘तरंगणारी अंडी आढळली नाहीत’ एवढाच आहे, आणि रुग्णाच्या खाण्यापिण्यावरून, गावावरून शंका असेल तर ते गाळाची तपासणी मागवू शकतात. ते नाव छापलेलं नसेल तर प्रयोगशाळेत विचारावं. नमुना थेट स्लाइडवर पाहिला, तरंगवला की गाळात बसवला, एवढा एकच प्रश्न आहे, आणि ज्या तंत्रज्ञाने तो तपासला त्याला त्याचं उत्तर एका वाक्यात देता येतं.